तिसरा साक्षीदार

लग्नाच्या नोटिशीवर आक्षेप घ्यायला तीस दिवस असतात. देवाजीभाऊ तीसही दिवस आमच्या चांद्याच्या कचेरीत आले, आक्षेप न घेता.

नोटीस त्यांच्या मुलीची, कमळाची, आणि जंगूची. ही आरमोरीची, तो एटापल्लीकडचा गोंड. ती पळाली तेव्हा देवाजीभाऊंनी तिचं तेरावं घातलं, मुंडण केलं आणि चांद्याला बहिणीकडे येऊन राहिले. फळ्यावरची नोटीस वाचता येत नव्हती म्हणून रोज मला विचारायचे, "हायेच का कागद?"

"आहे. तुम्हाला आक्षेप घ्यायचा आहे का?"

"मेलेल्या पोरीवर कसा घेऊ, बाबू?"

शिवाय त्यांच्याकडे कारणही नव्हतं. वय पूर्ण, दोघांचं आधीचं लग्न नाही, नातं नाही. जात हे कारण कायद्यात बसत नव्हतं.

एकतिसाव्या दिवशी जोडपं आलं. सोबत साक्षीदार लालसू आणि सुकलू. तिसरा साक्षीदार इसरू वाटेतच तापानं पडला. साहेब म्हणाले, "दोघांवर भागत नाही, तीन लागतात." ते दुपारी दौऱ्यावर निघणार होते. कमळा रडायला लागली.

बाकावरून देवाजीभाऊ उठले. डोक्यावर बोटभर केस उगवले होते.

"मी राहतो साक्षीले. दोघाईले वळखतो."

साहेबांनी विचारलं, "मुलीला कधीपासून?"

"मरेपर्यंत वळखत होतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. वधूवरांनी आणि तिघा साक्षीदारांनी प्रतिज्ञापत्रावर सही-अंगठे केले. मग सगळ्यांसमोर जंगूनं गोंडीत आणि कमळानं मराठीत एकमेकांना स्वीकारलं. दाखल्याच्या वहीत पुन्हा पाचही जणांच्या निशाण्या झाल्या. देवाजीभाऊंनी बोट धोतराला पुसलं आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

दोन वर्षांनी कमळा एकटीच आली. जंगलातल्या कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, सागाचं झाड अंगावर पडून जंगू इथल्या दवाखान्यात वारला होता.

"दवाखान्यातले लोक देत नाई त्याले. तू कोन लागतेस म्हनते. लिहून आन, नाईतर आमीच पुरतो म्हनते. दाखला झोपडीतच राह्यला. साक्षीचे लालसूभाऊ, सुकलूभाऊ चार दिसाच्या वाटेवर."

"वडील इथेच आहेत ना?"

"गेलती. दाराआडून बोलले, 'माही पोरगी मेली. मेलेलीचा नवरा मी कसा वळखू?'"

मी वही काढली. "त्यांना आणायची गरज नाही. वहीत नोंद आहे म्हणजे लग्न झालं, साक्षीदारांच्या सह्याही झाल्या. पुन्हा कोणाला उभं करावं लागत नाही."

मी नक्कल उतरवली, साहेबांनी सही-शिक्का केला. ती मात्र वहीवरच वाकून राहिली.

"तिसरा कोनता?"

मी बोट ठेवलं. देवाजी, राहणार आरमोरी, डाव्या अंगठ्याची निशाणी.

"हात लावू? शाई वाळली असंन ना?"

"दोन वर्षं झाली, बाई."

तरी तिनं आधी बोट पदराला पुसलं, मगच लावलं. तो ठसा तिच्या बोटापेक्षा दुप्पट मोठा होता.

मग नक्कल पोलक्यात खोचून ती नवऱ्याला न्यायला गेली.