नळ बंद राहण्याबाबत

सोसायटीचा चपराशी बकाराम कागद घेऊन आला तेव्हा मी माझ्या लहानग्या शामासाठी पाणी उकळायला चूल फुंकत होते. पावसाने लाकडं ओली झालेली. घरात धूरच धूर.

"सेक्रेटरीसाहेबांनी पाठवलं, बाई. म्हणे, जरा साफसुतरं करून द्या. मग मी घरोघरी फिरवतो."

आमच्या सोसायटीत कागद असाच फिरतो. बकाराम दारोदार जातो, घरातला पुरुष वाचतो, खाली सही करतो. मी नागपूरला कॉलेजात शिकले हे सेक्रेटरी दुलीचंदजींना कळल्यापासून कागद आधी माझ्याकडे येतो. त्यांचं धानाचं दुकान. बोलणं अर्धं हिंदी, लिहिणं त्याहून अर्धं.

कागदावर एवढंच होतं: 'सर्व मेंबरांस कळविण्यात येते की उद्यापासून नळ बंद राहील. आज पाणी भरून ठेवावे. तकलीफ माफ.'

भाषा सुधारायला वेळ लागला नसता. पण बंद किती दिवस? कशासाठी? तोवर पाणी कुठून आणायचं? कागदावर यातलं काहीच नव्हतं. मी शामाला कडेवर घेतलं आणि बकारामसोबत ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे टाकीखालची खोली. सोसायटीच्या विहिरीतलं पाणी तेलाच्या इंजिनाने या लोखंडी टाकीत चढतं, आणि तिथून नळांना जातं.

वाटेत बकाराम प्रत्येक दारासमोर ओरडत होता, "उद्या नळ बंद हाय होऽऽ! भरून घ्या!" आमच्या शेजारच्या सुमित्राबाई अंगणात रांजण भरत होत्या. मला पाहून हसल्या.

"काऊन वो कालेजवाली, पोरीले घेऊन कुठं निघाली? पानी भर ना! का तुयं पानी चुलीवरूनच येते?"

माझ्या उकळलेल्या पाण्याची ही चेष्टा रोजचीच. मीही हसले. पण शामाचा अर्धा दिवस त्यांच्याच अंगणात जातो, आणि तहान लागली की ती त्यांच्याच रांजणापाशी जाऊन उभी राहते.

दुलीचंदजी गादीवर बसून सुपारी कातरत होते. "आओ बहू, बैठो. झाला कागद?"

"काका, कारण काय लिहू?"

"दुरुस्ती. बस."

"कसली? दुरुस्ती मोठी असेल तर दिवस सांगावे लागतील. नाहीतर लोक रोज तुमच्याच दारात येतील विचारायला."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. बकाराम बाहेर गेला का ते पाहिलं. "विहिरीच्या बाजूची नाली फुटली. परवाच्या पावसात. मुनसीपालटीचा सफाईवाला साहेब पाहून गेला. म्हणाला, नालीचं पाणी आत झिरपतं. उद्या नाली बांधणार, विहिरीत लाल दवा टाकणार. टाकी, पाइप सब खाली करून धुवायचं. पाण्यातला लाल रंग गेला की चालू."

माझ्या कडेवरची शामा अचानक जड वाटायला लागली.

"मग आज नळाला येतंय ते?"

"टाकीतलं आहे ते."

"म्हणजे त्याच विहिरीतलं."

"अरे बहू, एकदम बंद केलं तर लोक गाली देतील. बाया-पोरांचे हाल होतील. म्हणून म्हटलं, आज भरून घेऊ द्या."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. हेच मला जास्त भीतीदायक वाटलं. त्यांनी लोकांवर मेहरबानी म्हणून नळ चालू ठेवला होता, आणि बकाराम दारोदार ओरडून ते पाणी घराघरात पोचवत होता.

"काका, तेच तर भरायचं नाही! आत्ता चावी बंद करा."

त्यांनी सुपारी बाजूला सारली. मग उठून स्वतः टाकीच्या चावीपाशी गेले. चाक फिरवल्याचा करकर आवाज आला. परत आले तेव्हा धोतराला गंज लागला होता.

मी तिथेच बसून लिहिलं:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, विहिरीलगतची नाली फुटून घाण पाणी विहिरीत झिरपल्यामुळे नळाचा पुरवठा आजपासून बंद करण्यात आला आहे. आज भरलेले पाणी पिण्यास अगर स्वयंपाकास वापरू नये. ते ओतून टाकावे. विहीर, टाकी व नळ स्वच्छ होऊन पुन्हा सूचना मिळेपर्यंत पिण्याचे पाणी शेजारच्या मुर्री गावाहून बैलगाडीने आणून घरोघरी देण्यात येईल. तेही उकळून प्यावे. सभासदांच्या गैरसोयीबद्दल सोसायटी दिलगीर आहे.'

दुलीचंदजींनी दोनदा वाचलं. "मुर्रीची गाडी लिहिलीस, ते ठीक. मी पाठवतो गाडी. पण ये घाण पाणी..." त्यांनी बोट ठेवलं. "बाजूचे प्लॉट अजून खाली आहेत. हे बाहेर गेलं तर कोण घर बांधेल? पटकी आली म्हणून बोंब होईल. काट इसको."

"कारण नसेल तर लोक ओततील कशाला?"

"सोसायटीचा हुकूम म्हणून ओततील. काट. नाहीतर मी सही नाही करत."

सहीशिवाय कागद फिरला नसता. मी ते कारण खोडलं. 'काही कारणास्तव' लिहिलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला.

परतताना बकाराम कागद घेऊन पुढे, मी मागे. सुमित्राबाईंचे मालक शेतावर गेले होते, म्हणून बकारामने कागद त्यांनाच वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात कमरेवर ठेवले.

"काही कारनास्तव? बाप्पा! सकाळपासून कंबर मोडून भरलं मी. मघा भरा म्हनते, आता ओता म्हनते. कायले ओतू? पानी तं चांगलं दिसून राहिलं!"

रांजण तोंडापर्यंत भरलेला होता. पाणी खरंच नितळ होतं. शामा माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती; तिला रांजणावरचा तो पाणी प्यायचा ओळखीचा गडवा दिसला होता.

"सुमित्राबाई, त्यात नालीचं पाणी आलंय."

त्यांचं हसू गेलं. "कोन म्हनते?"

"दुलीचंदजी. म्हणूनच नळ बंद केला."

"मंग कागदावर काऊन नाई लिहिलं?"

मी शामाला पुन्हा कडेवर घट्ट धरलं. त्यांनी शामाकडे पाहिलं, मग रांजणाकडे, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आला. "पोरी, मघा तू चूल फुंकत होती तवा आली होती ते. मी दिलं तिले. ह्याच्यातलंच. गडवाभर नाई, दोन घोट."

रांजण त्यांनीच आडवा केला. पाणी अंगणभर पसरलं, तुळशीच्या ओट्याला वळसा घालून बाहेर गेलं. मी बकारामच्या हातातून कागद घेतला.

"बाई, सही झाली हाय त्याच्यावर," तो घाबरून म्हणाला.

"माहीत आहे."

त्यांच्या उंबऱ्यावर कागद ठेवून मी शिक्क्याखाली लिहिलं: 'कारण: फुटलेल्या नालीचे घाण पाणी विहिरीत झिरपले आहे.' आणि त्याखाली माझं नाव, पूर्ण. आता दुलीचंदजी आमच्या घरी येतील, माझ्या यजमानांशी बोलतील, त्यांना मान खाली घालावी लागेल, हे सगळं दिसत होतं. पण कागदावर एकाही बाईची सही होणार नव्हती, आणि पाणी तर सगळ्या बायांनीच भरलं होतं.

"थांब," सुमित्राबाई म्हणाल्या. "मी येतो याच्यासंगं. हा वाचन, मी सांगन. नाईतं ह्या बाया आयकत नाई."

त्या पदर खोचून बकारामच्या पुढे निघाल्या. पुढच्या दारात त्यांचा आवाज ऐकू आला, "वो शालीकच्या माय, ओत ते पानी! नालीचं हाय! माया रांजन पाहून ये, रिकामा केला मी!" मग त्याच्यापुढच्या दारात. मग आवाज गल्लीच्या वळणापलीकडे गेला.

मी शामाला घरी आणलं. चुलीवरचं पाणी अजून कोमटच होतं. ओलं लाकूड मागे सारून मी कोरड्या गोवऱ्या लावल्या. ती मांडीवर बसून माझ्या बांगड्या फिरवत होती, खेळत होती, हसतसुद्धा होती. मी तिच्या पोटावर हात ठेवून पाण्याला उकळी फुटण्याची वाट पाहत राहिले.