जिभेला चिकटलेलं भांडं

सुलू बाळंतपणाला सरावलीला माहेरी गेली ती निरोप ठेवून गेली, "घरात संडास बसल्याबिगर मी पोर घेऊन येणार नाय." पोरगी चार महिन्यांची झाली, तरी तिच्या बापाने, एकनाथने, तिला नवापूरच्या घरात एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटी तो आईला, काशीबाईला, घेऊन संडासाचं भांडं आणायला बोईसरच्या दुकानात गेला. काशीबाईने जन्मभर मासळी पारखली होती. तिने भांडीही तशीच पारखली: ज्याला चकाकी जास्त, ते ताजं. एकनाथ एक उलटं करून बघू लागला तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आमी पापलेटची पाठ बघत नाय, डोळा बघतो."

भांडं घरी आलं. शेजारच्या इंदुबाईने त्याला हळदकुंकू लावलं. आता फक्त एकनाथच्या सासऱ्याचा, नामदेवचा, होकार हवा होता. तो तारापूरच्या एका कारखान्यात असलीच भांडी तपासून पास-नापास करायचा, आणि त्याने बघितल्याशिवाय सुलू येणार नव्हती.

रविवारी तो आला. अंगणात सगळी आळी जमली. नामदेवने भांड्यावर टिचकी मारली. पक्क्या भाजणीचं भांडं घंटेसारखं वाजतं. हे फुटक्या मडक्यासारखं 'थप' करून गप्प बसलं. एकनाथचा चेहरा पडला.

मग नामदेवने भांडं उलटं केलं आणि खालच्या बिनचकाकीच्या काठाला जीभ लावली.

"चवीला कसं हाय, याही?" इंदुबाईने विचारलं.

जीभ चिकटली होती, म्हणून उत्तर मिळालं नाही. सुटल्यावर तो म्हणाला, "कच्चं हाय. भट्टीच्या थंड कोपऱ्यातलं. पाणी पितं. वरची चकाकी आज हाय. आतली माती फुगली की तिला तडे जाणार, अन् तड्यात घाण बसणार. जावई, ह्याच्यावर माझी पोरगी..."

बोलता बोलता त्याने काठावर फडकं फिरवलं आणि थांबला. तिथे नापास मालावर मारतात ती निळ्या शाईची फुली होती. दुकानदाराने घासली असावी. पक्क्या भांड्यावरून पुसली गेली असती, पण ह्याने ती पिऊन टाकली होती. फुलीच्या बाजूला वेलांटीसारखा फराटा. नामदेवची सही, एकनाथने लग्नाच्या यादीवर पाहिलेली. नापास माल तपासणाऱ्यानेच फोडायचा असतो. हा मागच्या दाराने विकला गेला होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय झालं, मामा?" एकनाथने हळूच विचारलं.

नामदेवने भांडं सरळ केलं. "चालेल," तो म्हणाला. "बसवून टाका."

"बघा! म्या चकाकी बघूनच घेतलं," काशीबाई म्हणाली.

एकनाथने तोंड उघडलं. मग सरावलीची बस आठवली, मांडीवरची पोरगी आठवली, आणि त्याने ते मिटलं.

पुढच्या सोमवारी सुलू आली.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भांड्यावर काळं जाळं पसरलं, आणि वास स्वयंपाकघरापर्यंत आला. सुलू रोज ॲसिड ओतून घासते, डोळे पुसते. नवं आणूया म्हटलं की एकनाथवरच तडकते.

"मला शिकवू नका. माझ्या बाबांनी जीभ लावून पास केलंय. तुमाला नीट घासता येत नाय, ते बोला."

एकनाथ बादली भरून देतो.