होडी खरेदीचा दाखला

त्रेचाळीस साली मी नगरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बेलापूरच्या खाली प्रवरेच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, सरकारी होडी होती. ती वल्हवायचा गनीभाई. पावसाळ्याआधी तो कचेरीत आला, म्हणाला, तळाच्या फळ्यांत बोट रुततंय, लोकं बसवायला भ्या वाटतं. ओव्हरसियरचा अहवालही तसाच होता, डांबर लावून भागणार नाही म्हणून.

मी टिपण घातलं. अंदाजपत्रक जोडलं, तरतुदीत रक्कम शिल्लक असल्याचं लिहिलं आणि नवी होडी घ्यायला मंजुरी मागितली. पण खरेदी म्हटली की मागचा दाखला लागतो, पूर्वी कुठे अशीच मंजुरी दिल्याचं उदाहरण. दफ्तरखान्यात धूळ खाऊन पाहिलं, तर सगळे दाखले दुरुस्तीचेच. खरेदीचा एकच सापडला, दुसऱ्या एका उतारावरचा. तोच टिपणात घातला आणि खूश झालो, मेल्या कारकुनाला आणखी काय लागतं!

आठवड्याभरात फाईल परत. समासात साहेबांचा शेरा होता: उद्धृत प्रकरणी खरेदी दुर्घटनेनंतर झाली. येथे दुर्घटना घडली आहे काय?

हेडक्लार्क खांबेटे म्हणाले, "खरं ते लिहा."

मी लिहिलं, नाही. मग दाखला लागू नाही असा हुकूम झाला आणि दुरुस्तीला मंजुरी मिळाली. मी खांबेट्यांशी भांडलो, माणसं मरायची वाट बघायची का म्हणालो. ते पान लावत म्हणाले, मी काय नदीला नोटीस काढू? गनीभाईच्या होडीला पत्रा ठोकला, डांबर फासलं.

भाद्रपदात बाजाराच्या दिवशी ती मधोमध फुटली. चार माणसं गेली. गनीभाई पोहून निघाला, त्याची लेक अख्तरी नाही निघाली. नवरा न्यायला यायचा होता तिला, दोन दिवसांनी.

मग काय विचारता! साहेबांनी फाईल त्याच दिवशी मागवली. दाखला आता तंतोतंत लागू झाला. जुनंच टिपण, फक्त 'नाही'च्या जागी 'होय' लिहायचं होतं. मी टाक दौतीत बुडवला.

जबानीसाठी बोलावलेला गनीभाई माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नवी होडी आता कोणत्या दाखल्यावर मिळते, ते मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "भाऊसाहेब, त्या दुसऱ्या उतारावर जी होडी आली, तवा कोन बुडालं हुतं?"

मी जुनी फाईल उलटली. नुसतं 'दुर्घटना घडल्या कारणे' होतं. कोण गेलं, कुणाची लेकरं गेली, एक अक्षर नाही. तसं सांगितलं.

तो फाईलवर वाकला. मग म्हणाला, "आमच्या अख्तरीचं तरी लिवा."

मी टिपणात ओळ घातली. अख्तरी गनी, वय एकोणीस, आणि बाकीच्या तिघांची नावंही. टिपण इंग्रजीत असल्याने गनीभाईला काही कळणार नव्हतं, पण तो माझ्या लिहित्या बोटांकडे बघत होता.

खांबेट्यांनी फाईल ओढली, चष्मा चढवला आणि ती ओळ लाल शाईने खोडली. मला हळूच म्हणाले, "नावं घालू नका हो. पुढं कुणाला हा दाखला द्यायचा झाला तर सुटसुटीत हवा."

गनीभाईने विचारलं, "लिवलं का, साहेब?"

"लिहिलं, लिहिलं. जा आता," खांबेटे म्हणाले.

त्याने दोघांनाही सलाम केला.