दिसली नाही, की पाहिलं नाही

नवऱ्याच्या नोकरीपायी मी इटलीत तोरिनोला गेले आणि काही वर्षांनी एकटीच नागपूरला परत आले. नवरा तिथेच राहिला, भाषा माझ्यासोबत आली. सौदा वाईट झाला असं नाही, पण त्या भाषेनं मला श्रीमंतही केलं नाही. नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत बसून मी इंग्रजीचं इटालियन करते. खरं सांगायचं तर करते यंत्र, मी मागून फडकं मारते. वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं, मिक्सरच्या सूचना, पंपाची हमी. संध्याकाळपर्यंत डोक्याचा असा भुगा होतो की दूधवाल्याशी कोणत्या भाषेत बोलायचं तेही क्षणभर सुचत नाही.

अशाच एका कंटाळवाण्या दिवशी कुसुमताईंचा कागद आला. कुसुमताई एका बालकल्याण संस्थेत समाजसेविका होत्या. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण जुनी प्रकरणं उघडली की संस्था त्यांनाच हाक मारते, आणि त्या कुरकुरत का होईना, जातात. या संस्थेतून पूर्वी काही मुलं इटलीत दत्तक गेली. आता ती मोठी झालीत, आणि त्यातलं एखादं विचारतं, माझी आई कोण? मग तिकडची संस्था इंग्रजीत लिहिते, कुसुमताई आईला शोधतात, ती तयार असली तर तिच्याशी बोलतात, उत्तर इंग्रजीत उतरवतात. ते इंग्रजी माझ्याकडे येतं.

या वेळची मुलगी मार्ता. ब्रेशा शहरात नर्स आहे. तिनं दोनच प्रश्न विचारले होते. आईला मी माहीत आहे का? आणि जन्मले तेव्हा आईनं मला बघितलं का? उत्तर आलं की नाताळच्या सुट्टीत नागपूरला यायचं की हा विषय कायमचा मिटवायचा, ते ती ठरवणार होती. आईचं नाव-गाव माझ्या कागदावर नव्हतं, नसतंच. एवढंच होतं की बाईच्या सासरी यातलं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ती एकदाच बोलेल, पुन्हा नाही. म्हणजे मी जे लिहीन तेच त्या पोरीला आईचं म्हणून जन्मभर पुरवावं लागणार.

उत्तर तीन ओळींचं. आय डू नॉट नो हर. आय नो शी इज वेल. आय डिड नॉट सी हर.

यंत्रानं डोळ्याचं पातं लवायच्या आत इटालियन करून दिलं. व्याकरणात खोट काढायला जागा नव्हती. मी चहा ठेवला, परत येऊन वाचलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

इंग्रजीत 'नो' एकच. इटालियनमध्ये दोन. एखादी गोष्ट, बातमी, हकीकत माहीत असणं म्हणजे सापेरे. माणसाशी, गावाशी ओळख असणं म्हणजे कोनोशेरे. माणसाचा विषय म्हणून यंत्रानं कोनोशेरे घातलं होतं, आणि नियमानं ते बरोबरच होतं. पण मार्ताच्या प्रश्नाखाली ठेवून वाचलं की वाटत होतं, बाईला ठाण्यात बोलावून फोटो दाखवलाय आणि ती म्हणतेय, मी हिला ओळखत नाही. दुसरं 'सी'. दिसणं म्हणजे वेदेरे, डोळे असले की ते होतंच. आणि मुद्दाम नजर वळवून पाहणं म्हणजे ग्वार्दारे. यंत्रानं वेदेरे घेतलं होतं. म्हणजे, ती मला दिसली नाही.

इंग्रजीत पाहण्यासाठी 'लुक' आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण आपल्याकडे सरकारी कागदावर दिसणं, पाहणं, भेटणं, तपासणं सगळं 'सी'च्याच पोत्यात भरतात. कुसुमताईंनीही भरलं असणार. मी तिकडच्या संस्थेकडे मार्ताचं मूळ पत्र मागितलं. आलं. तिनं ग्वार्दारे लिहिलं होतं. आईनं माझ्याकडे बघितलं का, असं ती विचारत होती, आणि आम्ही 'दिसली नाही' म्हणून तिला कटवणार होतो.

सोडून द्यावं असं मनात आलं, लपवत नाही. पाठीला रग लागली होती आणि पंपाची हमी राहिली होती. शेवटी चरफडत चप्पल घातली आणि कुसुमताईंना गाठायला संस्थेचं ऑफिस गाठलं.

"कुसुमताई, बाई मराठीत काय बोलली ते सांगा."

"लिहून देल्लं ना वं तुले."

"इंग्रजी नको. तिचे शब्द सांगा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती म्हणे, मले ती माहीत हाय, पन मी तिले वळखत नाही."

"मग माहीत हाय, हे कुठं गेलं?"

"अवं, मी पहिले तसंच लिहिलं होतं. आय नो हर, बट आय डू नॉट नो हर. संस्थेचे साहेब हसले. म्हणे, कुसुमताई, हे काय लिहून राहिल्या? म्हून मी पहिलं खोडलं."

मला हसू आलं आणि संतापही आला. मराठीत जे सरळ होतं आणि इटालियनमध्येही सरळ राहिलं असतं, ते मधल्या इंग्रजीच्या धर्मशाळेत मुक्कामाला थांबलं आणि तिथंच लुटलं गेलं. मी तिथल्या तिथे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. सो दी लेई, मा नॉन ला कोनोस्को. तिच्याबद्दल मला माहीत आहे, पण माझी तिची ओळख नाही. एक ओळ तरी मार्गी लागली.

"आणि दुसरं? दिसली नाही म्हणाली की पाहिलं नाही म्हणाली?"

कुसुमताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मी तिले पाह्यलंच नाही, असं म्हणे. नर्सबाई दाखवून राहिली होती, मायनंच तोंड फिरवलं."

मी पेनाला टोपण लावलं.

"तू आपलं दिसली नाही असंच लिही," त्या म्हणाल्या. "काय फरक पडते? पोरगी तिकडं सुखात हाय. मायनं तोंड फिरवलं, हे काहून सांगायचं तिले?"

खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. 'दिसली नाही' यात कुणाचाच दोष नाही. नर्सनं लवकर नेलं असेल, दिवा गेला असेल, बाई बेशुद्ध असेल. मार्ता हवं ते समजून घेईल. 'पाहिलं नाही' म्हटलं की आईचं तोंड भिंतीकडे फिरलेलं कायम डोळ्यांपुढे राहणार. एका क्रियापदानं मी त्या पोरीला विमानात बसवू शकत होते किंवा घरी रडत ठेवू शकत होते, आणि हा अधिकार मला कुणी दिला होता? मला तो नको होता. मला घरी जाऊन आडवं पडायचं होतं.

"तिनं पाह्यलं का, हे पोरीनं इचारलं," मी म्हणाले. "दिसली का, असं नाही. ते मले लिहावंच लागन. पन तोंड काहून फिरवलं, हे तुम्ही इचारलं का?"

"असं कोनी इचारते का वं? घाव हाय तो."

"मग मी काय लिहू? निस्तं पाह्यलं नाही?"

"ती एकदाच बोलन म्हणे."

"माहीत आहे. तरी इचारा."

कुसुमताईंनी मला मनापासून शिव्या दिल्या असतील, पण ओठांवर आणल्या नाहीत. बाईच्या गावी धानाची कापणी चालू होती, तिच्यासकट घरची सगळी वावरात होती, बाई एकटी सापडायची ती बाजाराच्या दिवशीच. गुडघ्याला पट्टा बांधून त्या एसटीनं गेल्या. मी तिकडच्या संस्थेला कळवलं की एका शब्दाबद्दल शंका आहे, थांबा. त्यांचं उत्तर आलं की आणखी किती थांबायचं? मार्ताला सुट्टीचा अर्ज द्यायचा आहे. मी पंपाची हमी पुरी केली. पाण्याचा दाब, पाण्याची गळती, पाण्याचा दाब. त्यातलं एक वाक्यही लक्षात राहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागे भाजीवाल्यांचा गलका होता. कुसुमताईंचा आवाज बसला होता.

"लिहून घे. इंग्रजी करत नाही मी आता. मराठीच घे."

"सांगा."

"ती म्हणे, जानारं लेकरू पाहू नये. मायचीच नजर सगळ्यात पहिले लागते. दूर जाऊन राहिली होती, जगली पाहिजे होती. म्हून तोंड फिरवलं. रडनं आयकलं म्हणे, ते काही बंद करता आलं नाही."

मी लिहीत होते. आपल्याकडे झोपलेल्या लेकराकडे आईनं टक लावून पाहू नये म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकलंय. इटलीतही म्हाताऱ्या बाया नजरेला घाबरतात, मार्ताला वेगळं समजवावं लागणार नव्हतं. आणि मी 'दिसली नाही' लिहून ही सगळी माया पुसून टाकणार होते, दयेच्या नावाखाली.

"अजून हाय," कुसुमताई म्हणाल्या. "मी निघून राहिली होती तं तिनं हात धरला. पोरगी येतो म्हणते का, म्हणे. मी म्हटलं, तुमच्यावर हाय. तं म्हणे, डोळे दाखवायले सून मले नागपूरले आनून राहिली. मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. तिकडंच भेटन कुठी. पन ऑपरेशनच्या आधी येजो म्हना."

"आधी काहून?"

"मीबी तेच म्हटलं. ऑपरेशन होऊ द्या, चांगली दिसन तुम्हाले. तं म्हणे, नाही बाई. मंग नजर तेज होईन. आता भेव नाही."

कुणीतरी मागे कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं.

"शेवटचं लिहून घे," कुसुमताई म्हणाल्या, आणि त्यांचा बसलेला आवाज पार फुटला. "ती म्हणे, पोरीले सांगजा. मले दिसन किती, माहीत नाही. पन पाहीन."

ते मी इटालियनमध्ये लिहिलं तेव्हा वेदेरे आणि ग्वार्दारे आपापल्या जागी जाऊन बसले. मला निवडायचं काही उरलंच नव्हतं. कागद पाठवला, कॉम्प्युटर बंद केला आणि भर दुपारी एकटीच ढसाढसा रडले.

मार्ताचं तिकीट नाताळच्या आधीचं आहे. सुनेला खरं कारण न कळू देता ऑपरेशनची तारीख त्याच्याही पुढे ढकलायला सांगायचं काम कुसुमताईंनी अंगावर घेतलंय.