चौदा महिन्यांचे युनिट

हे कोणी खरं मानणार नाही, पण आमच्या चटईच्या कारखान्यात पगाराचं टेबल मी असं चालवलं, की कॅल्क्युलेटर मला विचारून बेरीज करायचा. म्हणूनच तिथला कामगार सुकदेव पेन्शनचं स्टेटमेंट घेऊन जळगावात माझ्या ओट्यावर आला. कारखान्याला कुलूप लागून दोन महिने झालेले. पुढच्या महिन्यात त्याला साठ पूर्ण होणार. हा पैसा हाती आला की गावी सोनगीरला जाऊन निवांत बसायचं, एवढंच त्याचं ठरलेलं. सोबत त्याची लेक मोनाली, धुळ्याला बँकेत नोकरीला.

"नाना, बठ्ठं बरोबर शे ना?" सुकदेवनं विचारलं.

सगळं बरोबर आहे का ते बघायला मी चष्मा पुसला. निवड त्याचीच: निम्मे पैसे शेअरमध्ये, तीस टक्के कंपन्यांच्या रोख्यांत, वीस सरकारी रोख्यांत. परतावा नऊ टक्क्यांच्या वर. एकूण रक्कम गेल्या वर्षापेक्षा एक्केचाळीस हजारांनी जास्त.

"बघ, झाड वाढतंय तुझं," मी म्हणालो.

"रक्कम वाढली, नाना. युनिट, म्हणजे भरलेल्या पैशांतून मिळणारे हिस्से, नाही वाढले." मोनालीनं पान उलटलं. "जुन्या युनिटांचा भाव चढला, म्हणून आकडा फुगला." तिनं वडिलांकडे पाहिलं. "दादांनी मोबाइलवर फक्त आकडाच पाहिला. कारखाना बंद होण्याआधीच्या चौदा महिन्यांत ना यांचे दरमहाचे अडीच हजार जमा, ना कंपनीचे अडीच. उलट खात्याचा खर्च भागवायला दर तिमाहीला थोडे युनिट विकले गेलेत."

"पगारातून तर कापत होते," सुकदेव म्हणाला. पिशवीतून त्यानं पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या, चौदाच्या चौदा, घडी न मोडलेल्या.

"पेन्शनच्या हेल्पलाइनला विचारलं," मोनाली म्हणाली. "जे पैसे पोचले त्यांचेच युनिट देतो, बाकीचं कंपनीला विचारा, म्हणाले."

कंपनीच्या फाटकावर कुलूप. तिथला वॉचमनही गावी गेलेला.

सुकदेव माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला सोसवेना.

"अरे, मुंबईला पेन्शनच्या ऑफिसात मी स्वतः पाहिलंय," मी म्हणालो. "हा एवढा हॉल. पोचलेल्या पैशाचे युनिट लाटून पापडासारखे वाळत घालतात. वाळले की खात्यात टाकतात. तुझे चौदा महिन्यांचे अजून ओले आहेत, बस."

सुकदेवला हसू आलं नाही. त्यानं चिठ्ठ्या गुडघ्यावर एकसारख्या केल्या.

"किती दिवस लागतील वाळायला, नाना?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मोनालीनं विचारलं, "दर महिन्याची कपातीची यादी चढवून पैसे मुंबईला पाठवायचं काम कोणाचं होतं?"

"माझंच. पण मालक म्हणाले, मालाचे पैसे येऊ दे, मग एकदम भरू..."

"मग खोटं बोलताय तुम्ही, नाना. पैसे मुंबईला गेलेच नाहीत, आणि हे तुम्हाला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं."