न विझणारा दिवा

वाल्मीक नाशिकभर लोकांच्या खिडक्या बसवत हिंडायचा. स्लायडिंगच्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय त्याला चैनही पडायचं नाही. "साहेब, वाऱ्याला यायला वाट लागते, तशी जायलाही लागते." आणि स्वतःच्या घरातली जायची वाट मात्र स्वतःच बुजवून बसला होता पठ्ठ्या!

त्याचं असं झालं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पश्चिमेचा वारा हॉलच्या खिडकीतून शिरायचा आणि ईशान्येच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून निघून जायचा. पण ईशान्येला देवघर हवं. खिडकीखाली देव मांडले, तर दिवा टिकेना. त्याची म्हातारी आई नवसाबाई रोज कुरकुरायची, "वाल्मीका, देवापुढचा दिवा इझतो, बरं नाय हे." मग तीन वर्षांपूर्वी त्याने खिडकी काढून विटा लावल्या, वर टाइल. म्हातारी खूश.

पण हॉलची भिंत नेमकी पश्चिमेची. दुपारी एकपासून मावळतीपर्यंत ऊन खायची आणि रात्री अकरापर्यंत ते घरात ओकत बसायची. म्हातारीची खाट तिलाच लागून. कूलर लावला, तर कोंडलेल्या हवेत नुसती दमट घुसमट. परवा नवसाबाई जेवता जेवता कोसळली. डॉक्टर म्हणाले, "खोली थंड ठेवा. पुन्हा असं झालं तर काही खरं नाही."

"फोडा ती खिडकी!" छाया, त्याची बायको, रडकुंडीला आली होती.

"अगं पण मध्यंतरी शेजारी ती बिल्डिंग उभी राहिलीय..."

"हातभर तरी जागा सोडली असेल की त्यांनी!"

हे त्यालाही पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. त्या बाजूला दुसरी खिडकीच नव्हती आणि खालून, दोन बिल्डिंगींमधल्या फटीला ठोकलेल्या पत्र्यामागचं काही दिसायचं नाही. संध्याकाळी देव पाटावर उतरवले, छिन्नी घातली. शेवटची वीट निघाली तेव्हा त्याने अधीरतेने डोकं बाहेर काढलं.

जागा हातभर होती, शब्दशः. समोर कोरी भिंत. कबुतरं शिरतात म्हणून दोन्ही टोकांना आणि वरही पत्रा ठोकलेला. आतली हवा हलत नव्हती. हॉलची खिडकी सताड उघडून तो थांबला, ओला हात पुढे धरून. काही नाही. वाऱ्याने यावं तरी कशासाठी? जायला वाटच नव्हती.

छायाने देव पुन्हा मांडले. म्हातारीने खाटेवरूनच हात जोडले आणि दिवा लावायला सांगितला.

ज्योत सरळ उभी राहिली. जराही हलली नाही.

"बघ," नवसाबाई समाधानाने म्हणाली, "खिडकी उघडी हाय, तरी इझत नाय. देवाची कृपा."

वाल्मीकने ओला रुमाल पिळून तिच्या कपाळावर ठेवला. खाट ओढायला त्याने भिंतीला हात टेकला आणि चटकन मागे घेतला. खाट सरकवायला दुसरी जागाही नव्हती. मे महिन्याचे अजून बावीस दिवस बाकी होते.