प्रोफाइलची शेवटची ओळ

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कुणी काही लिहिलं, तर ते मला मोठ्याने वाचून दाखवायचं, असा या घरचा नियम आहे. अक्षर बारीक असतं आणि माझी शाळा तिसरीतच संपली, ही दोन कारणं. तिसरं कारण म्हणजे घर माझं आहे.

अजिंक्य सोनटक्के हा माझा भाडेकरू. इटलीतल्या आमच्या तुरीनमध्ये त्याच्या नावाचं जे काही होतं ते देवाने बघू नये. इथे 'ज'चा 'य' करतात, म्हणून पोस्टमन त्याला 'अयिंकिया' म्हणतो, आणि औषधवालीने तर आशाच सोडली आहे. मी त्याला किया म्हणते. पोरगा पुण्याचा, संगणकाच्या कामातला. त्याचं ऑफिस रुमानियाला निघून गेलं आणि हा इथेच राहिला. नोकरी शोधायला मिळालेला परवाना नोव्हेंबरात संपणार होता. तोवर कुणी कामावर घेतलं नाही, तर परतीचं विमान. हे तो कधी बोलला नाही, पण दर रात्री ताटात अर्धं टाकायचा, आणि माझ्या हातचं टाकणारा माणूस सुखात नसतो.

माझी नात इलेनिया एका दुपारी आली. तिने त्याचं नोकऱ्यांच्या साइटवरचं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"हे सगळं इंग्रजीत! किया, इथल्या कंपन्या इटालियन शब्द टाकून माणसं शोधतात. तू त्यांना दिसतच नाहीस. वरचा सारांश तरी इटालियनमध्ये लिही."

"माझं इटालियन कच्चं आहे."

"मग कच्चं आहे असं लिही. मातृभाषा मराठी, इंग्रजी उत्तम, इटालियन कामापुरतं. आणि 'इंजिनिअर' काढ. इथे सरकारी परीक्षा देऊन यादीत नाव लागल्याशिवाय तसं म्हणवून घेता येत नाही. 'सॉफ्टवेअर डेव्हलपर, अभियांत्रिकीचा पदवीधर' असं लिही."

त्याने लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. "मी एक उत्साही, ध्येयवेडा आणि नव्या आव्हानांची आवड असलेला..."

"थांब," मी म्हटलं. "बाजारात एखादा म्हणाला की मला चीजची फार आवड आहे, तर त्याच्याकडून मी चीज घेईन का? चव दाखव म्हणेन. तू केलंस काय ते सांग."

"नोन्ना, तू गप्प बस," इलेनिया म्हणाली. नोन्ना म्हणजे आजी.

"का म्हणून? मी बरोबर बोलतेय."

"बरोबर बोलतेयस म्हणूनच तर त्रास होतो. लिही रे किया. आणि महत्त्वाचं वर घे. पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं कुणी 'आणखी' दाबलं तरच."

मग त्याने नीट लिहिलं. सहा वर्षं बसच्या तिकिटांची यंत्रणा सांभाळली. एकाच वेळी हजारो लोकांनी तिकीट काढलं तरी ती बंद पडू दिली नाही. चार जणांच्या गटाला काम शिकवलं. इलेनियाने व्याकरण तपासलं आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत असताना त्याने शेवटची प्रत वाचली. शेवटी एक ओळ नवी होती. त्याने ती जरा हळू आवाजात वाचली.

"मी संरक्षित वर्गात मोडतो."

माझ्या हातातली सुरी थांबली. 'संरक्षित वर्ग' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या नवऱ्याची, रोक्कोची, तीन बोटं कारखान्याच्या प्रेसखाली गेली, तेव्हा तो त्या वर्गात गेला. डॉक्टरांची समिती बसते, शरीराचा किती भाग निकामी झाला ते टक्क्यांत ठरवते, आणि मोठ्या कंपन्यांना अशी काही माणसं कामावर घ्यावीच लागतात, कायदाच आहे तसा. म्हणजे या पोराला काहीतरी होतं. हृदय? मूत्रपिंड? वरून तर धडधाकट दिसत होता. रोक्कोचीही बोटं खिशातच असायची.

मी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, समोरच्याने सांगायच्या असतात. मी एवढंच म्हटलं, "छान लिहिलंस. टाक."

त्या संध्याकाळपासून मी त्याला कोंबडीचं सूप द्यायला लागले. मिरची बंद. तो पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या चौथ्या मजल्यावर चढवत असे, त्या मी त्याच्या हातातून ओढून घेतल्या.

"सिन्योरा, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहात!"

"आणि तू काय आहेस ते मला माहीत आहे. ठेव खाली."

तो बावळटासारखा बघत राहिला. मला वाटलं, किती लपवतोय बिचारा.

आणि फोन यायला लागले. चार महिने त्या साइटवरून कुत्र्यानेही विचारलं नव्हतं, आता आठवड्यात पाच-पाच. पोरगा हरखला. "सिन्योरा, इटालियनमध्ये लिहिलं त्याचा हा प्रताप!" मी होकार दिला आणि भांड्यात गाजर चिरलं. कंपन्या त्याला कशासाठी शोधत होत्या, ते मला ठाऊक होतं. आपली राखीव जागा भरायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि त्याच्यासारखा शिकलेला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सगळ्यांत चांगली कंपनी गोदामांची सॉफ्टवेअर करणारी होती. तिथल्या भरतीच्या बाई, डॉक्टर गिबाउदो (इथे कुणीही पदवीधर 'डॉक्टर'च असतो), स्क्रीनवरून मुलाखत घेणार होत्या. घरात इंटरनेट नीट चालतं ते फक्त माझ्या स्वयंपाकघरात. "मी कॅमेऱ्यात येणार नाही," असं कबूल करून मी चुलीपाशी सूप ढवळत उभी राहिले.

बाईंचा आवाज गोड होता. पोरगाही बरा बोलत होता. तिकिटांची यंत्रणा एकदा सणाच्या दिवशी कशी लटकली आणि याने ती कशी उठवली, हे त्याने इतकं नीट सांगितलं की मलाही समजलं. अर्धा तास झाला. मग बाईंनी आवाज अजून मऊ केला.

"आता एक नाजूक प्रश्न. तुम्ही संरक्षित वर्गाबद्दल लिहिलंय. विचारायला हरकत नसेल तर, तुमची टक्केवारी किती?"

"अठ्ठ्याहत्तर," किया छाती काढून म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर! रोक्कोला तीन बोटांचे त्याच्या निम्मेही मिळाले नव्हते.

"अरेरे... म्हणजे... बरंच आहे," बाई म्हणाल्या.

"आभारी आहे. कॉलेजात मी दुसरा आलो होतो."

"दुसरा?"

"पहिल्या मुलीला एक्क्याऐंशी होते."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. "आणि ऑफिसला यायला काही अडचण? काही खास सोय लागेल?"

"सायकल ठेवायला जागा असली तर बरं. मी रोज दहा किलोमीटर चालवतो."

"सायकल," बाई म्हणाल्या. "बरं. आणि हे प्रमाणपत्र तुम्हाला कोणत्या समितीने दिलं?"

"पुणे विद्यापीठाने."

आता मात्र मला राहवेना. पळी हातात घेऊन मी थेट कॅमेऱ्यासमोर गेले. "डॉक्टरबाई, एक मिनिट. किया, खरं सांग. तुला आजार काय आहे?"

"आजार? मला? कसला आजार?"

"अपंग नाहीस तू?"

"सिन्योरा, काय बोलताय!"

"अरे गाढवा, मग अपंगांच्या वर्गात नाव का घातलंस?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. स्क्रीनकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. मग टेबलाकडे बघतच बोलायला लागला, अर्धं इटालियन, अर्धं इंग्रजी.

"आमच्याकडे फॉर्मवर वर्ग लिहावा लागतो. माझ्या आजोबांना गावच्या शाळेत आत बसू देत नसत, बाहेर पडवीत बसवायचे. म्हणून आमच्यासाठी कायद्याने कॉलेजात जागा राखून ठेवल्या आहेत. इथल्या जाहिरातींत 'संरक्षित वर्गांनीही अर्ज करावा' असं वाचलं. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. खालच्या, बाहेरच्या लोकांसाठी."

मी पळी खाली केली.

"पुण्यात मी ते लपवायचो. मित्र म्हणायचे, तुला काय बाबा, तुझी जागा ठेवलेलीच आहे. इथे ते जाहिरातीत उघड छापलेलं दिसलं. वाटलं, या देशात याची लाज नसते. म्हणून पहिल्यांदा स्वतःहून लिहिलं." त्याने नाक पुसलं. "माफ करा, डॉक्टर. मी फसवलं नाही."

मी इटलीच्या दक्षिणेतून या शहरात आले तेव्हा दारोदारी पाट्या होत्या, दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही म्हणून. मला त्या वाचता येत होत्या. तेवढी शाळा झाली होती.

"डॉक्टरबाई," मी पळी रोखून म्हटलं, "याने काही चोरलं नाही. परदेशी शब्द चुकला. तुम्ही पुण्यात जाऊन मराठीत अर्ज लिहून दाखवा, मग हसा."

"मी हसत नाहीये, सिन्योरा."

हसत होत्या. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेवटी चष्मा काढून पुसला.

"बघा, ज्या जागेसाठी मी फोन केला, ती तुम्हाला देता येणार नाही. ती दुसऱ्या कुणाच्या हक्काची आहे."

"समजलं," किया म्हणाला आणि संगणक बंद करायला हात पुढे केला.

"हात काढा तिथून. माझं बोलणं संपलेलं नाही. त्याच गटात आणखी एक जागा आहे, साधी, कसलीही अट नसलेली. वसंत ऋतूपासून रिकामी आहे. तुमच्यासारखा माणूस मला सापडत नव्हता, कारण मी इटालियनमध्ये शोधत होते आणि तुम्ही इंग्रजीत बसला होतात. ती ओळ आत्ताच्या आत्ता काढा. ज्या बाकीच्या कंपन्यांनी फोन केले असतील, त्यांनाही आजच खरं सांगा. परवा आमचे तांत्रिक लोक तुमच्याशी बोलतील. त्यांना बसची गोष्ट सांगा. टक्के सांगू नका."

संगणक बंद झाल्यावर तो तसाच बसून राहिला. मी त्याच्यासमोर ताट ठेवलं.

"पुन्हा सूप?" तो म्हणाला. "सिन्योरा, हे इतके दिवस का देत होतात तुम्ही?"

"तू मरणार आहेस असं वाटलं म्हणून."

तो आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. माझाही जीव भांड्यात पडला, आणि त्या भांड्यात मी मूठभर लाल मिरची टाकली. ताटात त्याने काही ठेवलं नाही.

ती ओळ त्याने माझ्यासमोर काढली. तिच्या जागी काय लिहू, असं विचारायला लागला. मी म्हटलं, "काही नको. आजोबांचं लिहायला ती जागा नाही. ते जेवताना सांग, मी ऐकेन." त्याने सांगितलं. जेवण थंड झालं, तरी मी मधे बोलले नाही. इलेनियाला हे खरं वाटत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी करार झाला आणि परवान्याचं कामही मार्गी लागलं. सही करून तो धावत जिना चढून आला, कागद हलवत. चार मजले, आणि धापसुद्धा लागली नव्हती. मी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"झालं? खरंच झालं?"

"झालं, नोन्ना!"

नोन्ना. मी काही त्याला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. मी चष्मा शोधायला तोंड फिरवलं.

"मग उभा काय राहिलास?" मी म्हटलं. "खाली पाण्याच्या दोन पेट्या ठेवल्यात. लिफ्ट बंद आहे."